एसएसएच लागत नाही म्हणून लगेच की बदलू नका, आधी पॅकेट कुठे मरतंय ते बघा

सर्व्हरला लॉगिन होईना, तर पहिला संशय एसएसएचच्या कीवर. मी पण एकदा तासभर नवी की बनवणं, परमिशन 600 करणं असले उद्योग केलेत, आणि स्क्रीनवर सारखं येत काय होतं तर `Connection timed out`. अरे, सर्व्हरने की नाकारली असती तर `Permission denied` आलं असतं ना! टाइमआउट म्हणजे तिकडून उत्तरच आलं नाही, म्हणजे माझी की तपासायची वेळच आली नाही.

मग एमटीआर लावला, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या रस्त्यातल्या प्रत्येक राउटरवर, म्हणजे हॉपवर, किती पॅकेट हरवतात ते दाखवणारं टूल, आणि इथे दुसरी चूक. सहाव्या हॉपवर 70% लॉस दिसला, मी आयएसपीला फोन लावायला निघालो. पण सातव्यापासून पुढे सगळीकडे 0% होता. सहाव्यावर खरंच पॅकेट मरत असती तर पुढच्यांपर्यंत पोचली कशी असती? तो राउटर पॅकेट पुढे नीट ढकलतोय, फक्त स्वतः उत्तर द्यायला कंटाळा करतोय, बरेच राउटर असंच करतात. लॉस एखाद्या हॉपवर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला तरच मनावर घ्यायचा. (तेव्हाही परतीचा रस्ता वेगळा असू शकतो, म्हणून जमलं तर सर्व्हरकडून तुमच्याकडेही एमटीआर चालवा.)

तिसरी चूक, नुसता एमटीआर पिंगसारखी आयसीएमपी पॅकेट पाठवतो, तुमचं एसएसएच टीसीपीवर 22 पोर्टला जातं, आणि फायरवॉल दोघांना वेगळा न्याय लावते. म्हणून त्याच पोर्टवर बघा:

```
sudo mtr -n -r -c 50 -T -P 22 203.0.113.10
sudo mtr -n -r -c 50 -T -P 443 203.0.113.10
```

पत्ता तुमच्या सर्व्हरचा टाका. एमटीआर नसेल तर `sudo traceroute -T -p 22 203.0.113.10` चालेल. माझ्या सर्व्हरवर वेबसाइट पण आहे, तर 443 शेवटच्या हॉपपर्यंत 0% लॉसने पोचलं आणि 22 मात्र त्याच्या आधीच `???` होऊन गायब. म्हणजे रस्ता चांगला आहे, 22 चं दारच कोणीतरी गुपचूप बंद केलंय. एक लक्षात ठेवा, 22 शेवटपर्यंत पोचलं म्हणजे पोर्ट उघडंच आहे असं नाही, बंद पोर्टने पाठवलेलं रीसेटही एमटीआर उत्तरच धरतो, तेव्हा एसएसएच `Connection refused` म्हणेल आणि मग सर्व्हिस चालू आहे का ते बघायचं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही तेच. शेवटी क्लाउडच्या पॅनेलमध्ये बघितलं तर 22 फक्त माझ्या घरच्या आयपीला उघडं ठेवलेलं, मीच, आणि रात्री लाइट गेल्यावर राउटर रिस्टार्ट होऊन घरचा आयपी बदलला होता. नवा आयपी टाकला, जुन्याच कीने लॉगिन झालं, नशीब ती डिलीट केली नव्हती.