अण्णांना रोज संध्याकाळी विचारायचे तीन प्रश्न

अण्णा सोलापुरात, आपण पुण्यात, आणि हृदय कमजोर असल्याने अंगात पाणी साठतं. रोजची विचारपूस ठरवायची असेल तर सगळ्यात आधी एक लिहून ठेवा: उत्तर आलंच नाही तर काय करायचं? मागच्या खेपेला मी हेच ठरवलं नव्हतं. उत्तर नाही म्हणजे झोपले असतील, असं धरून बसलो होतो.

आता प्रश्न. "बरं वाटतंय का?" हा तर विचारूच नका. "हो रे, बराय" यापलीकडे काही हाती लागत नाही. जे मोजता किंवा बघता येतं तेच विचारा. सकाळी वजन किती भरलं? काल रात्री डोक्याखाली किती उशा घेतल्या? घोट्याच्या वर अंगठा दाबल्यावर खड्डा राहतो का? उशीचा प्रश्न अण्णांना गमतीचा वाटेल, पण आडवं झाल्यावर दम लागणारा माणूस नकळत एकाच्या दोन उशा करतो. सूज संध्याकाळी जास्तच असते, म्हणून आजची संध्याकाळ कालच्या संध्याकाळशीच ताडून बघा.

वजन मात्र सकाळचंच. लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा शहाबादी फरशीच्या सांध्यावर डुगडुगतो, तेव्हा सपाट जागा बघून खडूने खूण करा. आकडा तिथेच कॅलेंडरवर लिहायचा. मग संध्याकाळी नुसता वाचून दाखवायचा, त्यामुळे सगळं मिनिटाच्या आत उरकतं. घड्याळ लावून बघा. जास्त वेळ लागला तर आठवड्याभरात टाळाटाळ सुरू होते.

उत्तराचं काय करायचं तेही आधीच ठरवा. समजा सोमवारी ६४.२ किलो, बुधवारी ६५.१ आणि गुरुवारी ६६.५. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढ. हे शेंगाचटणी-भाकरी जास्त झाल्याचं वजन नव्हे, पाणी आहे. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. लघवीची गोळी आपल्या मनाने वाढवू नका. उन्हाळ्यात वजन उलट भराभर उतरलं आणि चक्कर येत असेल, तरीही फोन.

आणि उत्तर नाही आलं तर? आठला विचारलं, साडेआठला फोन केला, नऊला शेजारचे काका दार वाजवणार. काकांना हे आधी सांगितलंय का? किल्ली आहे का त्यांच्याकडे? ज्या दिवशी तब्येत खरंच बिघडते, त्या दिवशी माणूस मोबाईल हातात घेत नाही. म्हणून उत्तर न येणं हेच सगळ्यात वाईट उत्तर धरा.

बाकी किरकोळ. वेळ रोज तीच, जेवणानंतरची. चौथा प्रश्न घुसडू नका. दवाखान्यातून घरी आले की कुठलं वजन धरून चालायचं ते डॉक्टरांना नव्याने विचारा. छातीत दुखलं किंवा बसल्या जागी दम लागला तर संध्याकाळची वाट बघायची नाही, थेट १०८. किल्ली मात्र आजच देऊन टाका.