दहावीत दोन विषय राहिले तर: पुरवणी परीक्षा कुणाला, कशी देता येते

निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेवर दोन विषय लाल दिसले की घरात पहिला प्रश्न येतो, "आता पुढच्या मार्चपर्यंत थांबायचं का?" थांबायचं नाही. राज्य मंडळ मुख्य परीक्षेच्या निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा घेतं. पूर्वी ती ऑक्टोबरात व्हायची, म्हणून गावाकडे जुनी माणसं अजूनही 'ऑक्टोबरची परीक्षा' म्हणतात. आता ती उन्हाळा सरता सरताच होते. 2025 साली दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला आणि पुरवणी 24 जूनला सुरू झाली. मधे जेमतेम सहा आठवडे होते, आणि अर्ज तर निकालानंतर दोनच दिवसांत सुरू झाले होते.

राज्य मंडळाच्या पुरवणीला विषयांच्या संख्येची अट नाही. एक राहिला तरी बसता येतं, पाच राहिले तरी. नावनोंदणी प्रमाणपत्र मिळालेले खाजगी विद्यार्थी, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरलेले, तेही बसू शकतात. पास झालेल्यांसाठी श्रेणीसुधारची वाट आहे, पण तिथं एक गैरसमज नेहमी होतो. फक्त गणिताचे गुण वाढवायचे म्हणून एकाच विषयाचा फॉर्म चालत नाही, सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्व विषय घेऊन पास झालेल्याला त्यासाठी लगतच्या तीन परीक्षांची संधी असते.

'कंपार्टमेंट' हा शब्द सीबीएसईचा, आणि तिथली अट वेगळी आहे. बारावीत एकच विषय राहिलेला असेल तरच कंपार्टमेंट मिळतं. जास्त राहिले तर पुढच्या वर्षी पूर्ण परीक्षा. शेजारचा मुलगा सीबीएसईत असेल तर त्याचा नियम आपल्या मुलाला लावू नका.

आता एक उदाहरण घेऊ. लातूर विभागातल्या एका विद्यार्थ्याला गणितात 21 आणि इंग्रजीत 23 पडले, बाकी सगळे विषय सुटले. पास व्हायला 35 लागतात. सुटलेले विषय त्याला पुन्हा द्यायचे नाहीत. त्यांचे गुण कायम राहतात. फॉर्मवर गणित आणि इंग्रजी एवढंच येईल.

दोनच विषय राहिल्यामुळे तो एटीकेटीलाही पात्र आहे, म्हणजे अकरावीला तात्पुरता प्रवेश घेऊ शकतो. घोटाळा नेमका इथंच होतो. कॉलेजात नाव लागलं की 'झालं आता' म्हणून पुरवणीचा फॉर्मच भरला जात नाही. एटीकेटी म्हणजे विषय सुटला असं नाही. ते दोन विषय काढल्याशिवाय बारावीची वाट मोकळी होत नाही, आणि पुरवणी हुकली तर मार्चची एकच संधी उरते, तीही अकरावीच्या अभ्यासाच्या ओझ्यासकट. एटीकेटी घ्या, पण जोडीला पुरवणीही द्या. तीन विषय राहिले असतील तर एटीकेटी नाही. पुरवणीत किमान एक सुटला तरच ते दार उघडतं. बारावीला एटीकेटी नसतेच.

फॉर्म भरायचा तो दहावी जिथून दिली त्या शाळेमार्फत, नव्या कॉलेजातून नव्हे. भरणं ऑनलाइन असतं, पण ते शाळाच करते. सोबत मार्चची गुणपत्रिका न्या आणि शाळेनं भरलेल्या अर्जाची प्रत हातात घेऊन विषय एकेक करून ताडून पाहा. विषय चुकीचा टाकला गेला आणि हॉलतिकीट आल्यावर कळलं, तर धावपळ होते. मुदत संपली तरी काही दिवस विलंब शुल्कासह अर्ज घेतात, त्यानंतर नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून लिपिक कोणत्या वारी येतात ते निकालाच्या दिवशीच विचारून ठेवा.

आणखी एक फसगत छायाप्रतीची. गुण कमी पडल्याची शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. यात दिवस जातात, आणि तोवर पुरवणीच्या अर्जाची मुदत संपलेली असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करा. पुनर्मूल्यांकनात विषय सुटला तर फार तर परीक्षा शुल्क गेलं.

मराठवाड्यात या परीक्षेला गैरहजेरी होण्याचं कारण बहुतेकदा अभ्यास नसतोच. जूनअखेर पेरणीचे दिवस असतात, पाऊस पडला की घरचा प्रत्येक हात शेतात लागतो. त्यात पुरवणीची केंद्रं मार्चपेक्षा कमी असतात. मार्चमध्ये गावच्या शाळेत पेपर दिला म्हणून आताही तिथंच येईल असं धरू नका. हॉलतिकिटावर केंद्र पाहून पहिली एसटी किती वाजता आहे, ती पेपरच्या अर्धा तास आधी पोचवते का, हे आधी पाहा. नसेल तर आदल्या रात्री तालुक्याच्या गावी एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. आणि पेपरच्या तारखा घरी भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे पेरणीची माणसं ठरवताना त्या दिवशी मुलाला धरलं जाणार नाही.