ऑफर कॉलचं रेकॉर्डिंग तक्त्यात उतरवताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे ऐकलेला आकडा थेट तक्त्यात टाकणं. एचआर फोनवर म्हणते, "एकूण पॅकेज 18 लाख, त्यात 15 टक्के व्हेरिएबल आणि एक लाख जॉइनिंग बोनस." वाक्य ऐकायला स्वच्छ आहे, पण त्यातून फिक्स्ड पगार कळत नाही. बोनस 18 लाखांबाहेर असेल आणि 15 टक्के फिक्स्डवर मोजले असतील, तर फिक्स्ड साधारण 15.65 लाख होतो. बोनस 18 लाखांतच असेल आणि उरलेल्या 17 लाखांचे 15 टक्के व्हेरिएबल असेल, तर फिक्स्ड 14.45 लाख. महिन्याला सुमारे दहा हजारांचा फरक! हातातल्या दुसऱ्या ऑफरचा फिक्स्ड 15 लाख असेल, तर एका अर्थाने ही ऑफर जिंकते, दुसऱ्याने हरते.

म्हणून आकड्याशेजारी तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, रेकॉर्डिंगमधली वेळ टाका (उदाहरणार्थ 04:12) आणि तिसऱ्या रकान्यात 'पक्कं', 'अटीवर' किंवा 'विचारायचं' यांपैकी एक लिहा. वरचा फिक्स्ड पगार 'विचारायचं'मध्ये जाईल. अंदाजाने भरलेला रकाना चार दिवसांनी पक्का वाटू लागतो, खरा धोका तिथे आहे.

लिहून काढताना "पर्यंत", "साधारण", "बहुतेक" हे शब्द गाळू नका. "व्हेरिएबल 15 टक्क्यांपर्यंत मिळतं" म्हणजे 15 ही कमाल मर्यादा झाली, मिळणारी रक्कम नव्हे. सॉफ्टवेअरने टाइप करून घेतलं असेल तर प्रत्येक आकडा पुन्हा कानाने ऐका. 'एकोणीस'चं 'एकोणतीस' सहज होतं. जॉइनिंग बोनस आणि वार्षिक पगार एका बेरजेत घेऊ नका, कारण बोनस पुढच्या वर्षी नसतो.

रुजू होण्याची तारीख वेगळ्या कोपऱ्यात एकटी लिहिली जाते, हेही चुकतं. ती पैशांशी बांधलेली असते. ठरावीक तारखेनंतर रुजू झालात तर काही कंपन्या त्या वर्षीच्या पगारवाढीतून वगळतात, व्हेरिएबलही काम केलेल्या महिन्यांपुरतंच देतात. एचआरला "एक तारखेला या" म्हणणं सोपं आहे, पण तुमचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा असेल तर आधी कॅलेंडरवर मोजा. नोटीस कमी करून घेण्याचे पैसे कोण भरणार, ही ओळही तारखेखालीच हवी. तशीच बोनस परत करण्याची अटही: किती महिन्यांच्या आत सोडल्यास, आणि कर कापण्याआधीची रक्कम की हातात आलेली?

मग 'विचारायचं' असलेल्या ओळी मेलने पाठवा. "सविस्तर सांगाल का" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येतं. असं लिहा: "फोनवरील बोलण्यानुसार माझी समज अशी: फिक्स्ड 15.65 लाख, व्हेरिएबल फिक्स्डच्या 15 टक्के, जॉइनिंग बोनस 1 लाख याव्यतिरिक्त. यात काही चूक असल्यास कळवा आणि ऑफर लेटरमध्ये हीच विभागणी द्या." ते पत्र हाती येऊन तक्त्याशी जुळेपर्यंत राजीनामा देऊ नका.