द्राक्षांनी जुलाब का होतात?

नाशिकमध्ये हंगामात अर्धा किलो द्राक्षे एका बैठकीत सहज संपतात आणि त्यांतून सुमारे ४० ग्रॅम फ्रुक्टोज पोटात जाते. लहान आतडे ही साखर ठराविक वेगानेच शोषू शकते. ही मर्यादा व्यक्तीनुसार बदलते, मात्र एकदम २५ ग्रॅमच्या पुढे अनेकांना त्रास जाणवतो. न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तर मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवून वायू तयार करतात. म्हणून पोट गुडगुडून शौच पातळ होते. आंब्यानेही असेच होऊ शकते, कारण त्यात फ्रुक्टोजच्या शोषणाला मदत करणारे ग्लुकोज त्यामानाने कमी असते, आणि रस तर भराभर प्यायला जातो. एका वेळी वाटीभरच द्राक्षे, शक्यतो जेवणासोबत खावीत. फळ थांबवूनही दोन दिवसांत जुलाब न थांबल्यास किंवा ताप, रक्त दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.