बचत गटाच्या लोणचं-पापडाची जाहिरात: 40 सेकंदांची स्क्रिप्ट कशी लिहावी

ऑनलाइन मागवणाऱ्या बाईला चव आवडेलच, पण तिची खरी धास्ती वेगळी असते: तेल गळेल का, पापडाचा चुरा येईल का? म्हणून स्क्रिप्टमध्ये लोणचं बनवण्याला जेवढा वेळ द्याल, जवळपास तेवढाच पॅकिंगलाही द्या. बहुतेक गट नेमकं हेच विसरतात.

आधी वेळेचा हिशोब करा. सावकाश बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. म्हणजे 40 सेकंदांत 75-80 शब्द, त्याहून जास्त नाहीत.

सुरुवातीचे चार सेकंद कुणीच बोलायचं नाही. भाजलेला पापड मोडतानाचा फक्त आवाज, मोबाइल अगदी जवळ. पंखा आणि मिक्सर बंद ठेवा.

मग लोणचं, 12 सेकंद: "कैरीच्या फोडी पुसून कोरड्या केल्या. मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग घातला. तेल तापवून पूर्ण गार केलं, मगच ओतलं. बघा, तेल फोडींच्या वर आलंय." या शेवटच्या वाक्याला काचेची बरणी बाजूने दाखवा, मागून उजेड येऊ द्या. जाणत्या बाईला लोणचं टिकेल की नाही हे तिथेच कळतं. हे चित्रण कैरीच्या हंगामातच करून ठेवावं लागतं. पावसाळ्यात आठवण झाली तर कैरी मिळत नाही.

पापडाला आठ सेकंद पुरतात: "उडदाचं पीठ, काळी मिरी, हिंग, पापडखार. हाताने लाटलेले, उन्हात कडक वाळवलेले." लाटलेला पापड उजेडासमोर धरा, पातळपणा आपोआप दिसतो.

आता पॅकिंग, दहा सेकंद, एकही कट न करता: "बरणीला सील, वर घट्ट झाकण. उलटी धरली, थेंबही नाही. पापड पुठ्ठ्याच्या डब्यात, कडा शाबूत." चित्रणाआधी एक भरलेली बरणी रात्रभर उलटी ठेवून बघा आणि एक पार्सल परगावच्या नातेवाइकांकडे पाठवा. तेल झिरपलं किंवा कडा मोडल्या, तर आधी पॅकिंग बदला. ते वाक्य तोवर बोलू नका. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" हेही व्हिनेगर किंवा तसलं काही घातलं नसेल तरच म्हणा. पचनाचे, औषधी गुणांचे दावे टाळाच.

याच दृश्यात लेबल दोन सेकंद स्थिर दिसू द्या: घटक, वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर. लेबल चकाकत असेल तर बरणी थोडी तिरकी धरा.

उरलेले सहा सेकंद ऑर्डरचे: "अर्धा किलो लोणचं, पाव किलो पापड. व्हॉट्सॲपवर नाव, पत्ता, पिनकोड पाठवा." नंबर बोलण्यात वेळ घालवू नका, तो मोठ्या अक्षरात पडद्यावर ठेवा. किंमत लिहिताना कुरिअरचा खर्च धरलाय की वेगळा, हे शेजारीच लिहा.