या चुका टाळा : बायोडाट्यात नुसतं 'जात-धर्माची अट नाही' लिहिणं

लातूरच्या आमच्या वधू-वर केंद्रात बायोडाटे बघताना 'जात-धर्माची अट नाही' ही ओळ अधूनमधून दिसतेच. खाली संपर्काला मात्र वडिलांचा नंबर असतो. गडबड तिथूनच सुरू होते.

एका लिंगायत घरातल्या मुलीचं असंच झालं. वय २८, नोकरी पुण्यात. तिनं मनापासून ही ओळ लिहिली आणि सवयीनं अप्पांचा नंबर टाकला. नांदेडच्या एका बौद्ध मुलानं सरळ फोन केला, तो अप्पांनी उचलला. "आमच्या पोरीनं असं काही लिहिलं नाही," म्हणून ठेवून दिला. त्याच रात्री धाकट्या भावाकडून प्रोफाइल बंद करून घेतलं. अप्पा काही तापट माणूस नाहीत. पोरीच्या मनातली गोष्ट आधी परक्याकडून कळली, हे त्यांना लागलं.

म्हणून खुलं प्रोफाइल टाकायचं तर नंबर स्वतःचा द्या आणि पासवर्डही स्वतःकडेच ठेवा. अपेक्षांचे रकाने एकदा स्वतः उघडून बघा. वर 'अट नाही' आणि खाली जातीच्या रकान्यात फक्त आपलीच जात निवडलेली, असं बऱ्याचदा असतं. तो रकाना बहुतेक वेळा घरच्यांनी भरलेला असतो. मग बाहेरची स्थळं समोर येतच नाहीत आणि आपण म्हणतो, कुणी विचारत नाही.

दुसरी चूक शब्दांची. 'आंतरजातीय चालेल' याचा अर्थ आपल्याकडे वाचणारा आपल्या सोयीनं लावतो. बरोबरीच्या दोन-चार जाती, एवढाच. त्यापुढे काही जाती वगळून 'क्षमस्व' लिहिणारेही आहेत. माझ्या मते ते प्रोफाइल खुलं नव्हेच, आणि ते वाचणाऱ्याच्या जिव्हारी लागतं. धर्माचं तर स्पष्टच लिहावं लागतं, कारण समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : लग्नानंतर धर्म बदलावा लागेल का?

'घरचे पुढारलेल्या विचारांचे आहेत' असं त्यांना न विचारता लिहू नका. 'घरून विरोध होऊ शकतो' हेही नको. बायोडाटा व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत भावकीत पोचतो आणि मग न झालेल्या भांडणाला तोंड फुटतं. त्या मुलीला मी हे लिहून दिलं :

"स्थळ कोणत्याही जाती-धर्माचं असलं तरी मला चालेल. हे माझं स्वतःचं मत आहे. लग्नानंतर दोघांनी आपापला धर्म पाळावा, धर्मांतराची अपेक्षा नाही. घरच्यांशी मी स्वतः बोलेन, म्हणून आधी माझ्याशीच संपर्क करावा."

आडनाव, गाव आणि मामाचं गाव गाळायला लावलं, नुसता जिल्हा ठेवला. मराठवाड्यात या तीन गोष्टींवरून सोयऱ्यांना माणूस ओळखायला एक फोन पुरतो.

आता कधी बोलायचं? समोरच्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या फोनवरच सांगा, की घरी अजून बोलणं झालेलं नाही. चार महिन्यांनी सांगितलं तर त्याला ती फसवणूक वाटते. घरी मात्र दोन टप्प्यांत बोला. प्रोफाइल सुरू करण्याआधी फक्त विचार सांगायचा, माणूस पसंत पडल्यावर त्याचं नाव. दोन्ही एकदम सांगितलं की घरच्यांना वाटतं, सगळं ठरवूनच आलीये.

कायद्यानंही एक वेळ येते. धर्म वेगळे असतील आणि कुणाला बदलायचा नसेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस राहिलेला असेल, त्या जिल्ह्यात. ती नोटीस कार्यालयात लावतात, कुणीही वाचू शकतं. घरच्यांना त्या फळ्यावरून कळण्याआधी सांगितलेलं बरं. लिंगायत आणि बौद्ध हे दोघेही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बसतात, त्यामुळे या मुलीला त्या नोटिशीची गरज नव्हती. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

घरात मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर हे टप्पे बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा आणि वकील गाठा. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिले आहेत. पोलीस अधीक्षक कार्यालयात त्याची चौकशी करा.

त्या मुलीनं दिवाळीत आधी आईला सांगितलं, मग अप्पांना : "अप्पा, मी जात बघणार नाही. कुणी ठरलेला नाही, पण फोन येतील म्हणून आधीच सांगते." अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. प्रोफाइल पुन्हा सुरू झालं, नांदेडच्या मुलाशी बोलणं झालं, पुण्यात तीनदा भेटी झाल्या. मग तिनं घरी त्याचं नाव सांगितलं. अप्पांचा होकार अजून आलेला नाही. परवा मात्र त्यांनी आईला विचारलं, "पोरगा करतो काय?"