क्लेम परत का येतो? बिल जोडताना या चुका टाळा

‘पैसे माझ्या खिशातून गेले, बँकेचा मेसेज जोडलाय, कार्डाची स्लिप जोडलीय. आता अजून काय हवंय?’ कंपनीसाठी केलेल्या खर्चाच्या रीइम्बर्समेंटचा क्लेम परत आला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ही असते. राग समजण्यासारखा आहे. पण बँकेचा मेसेज एवढंच सांगतो की तुमच्या खात्यातून अमुक रक्कम अमुक ठिकाणी गेली. तिथे तुम्ही कंपनीसाठी प्रिंटरची शाई घेतली की घरासाठी मिक्सर, हे त्यात कुठेच नसतं. अकाउंट्सला खर्चाची नोंद करायची असते, आणि ती बिलावरून होते. पैसे तुम्हीच भरले याचा पुरावाही लागतो, पण तो बिलाच्या मागे जोडायचा कागद आहे.

खर्चाच्या नोंदीसाठी बिलात काय बघितलं जातं? विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि जिथे कर लागतो तिथे त्याचा कर नोंदणी क्रमांक, बिलाचा नंबर आणि तारीख, कुणाला विकलं, नेमकं काय विकलं, आणि कर वेगळा दाखवलेली रक्कम. ऑर्डर कन्फर्मेशन, कोटेशन, प्रोफॉर्मा यांवर यातलं बरंचसं असतं, म्हणून फसायला होतं. पण हे कागद व्यवहार पूर्ण होण्याआधीचे असतात. ऑर्डर नंतर रद्द झाली तरी कन्फर्मेशनचा ईमेल तुमच्या इनबॉक्समध्ये तसाच राहतो. अकाउंट्सवाले तो घेत नाहीत ते याचसाठी.

सगळ्यात जास्त घोळ हॉटेलच्या बिलात होतो, तेव्हा तेच नीट उलगडून बघू. आकडे हिशोबाला सोपे घेतलेत, चलन कुठलंही धरा. एका कर्मचाऱ्याने बुकिंगच्या वेबसाइटवरून तीन रात्रींची खोली घेतली. भाडं रात्रीला 4,000, म्हणजे 12,000. 10 टक्के कर धरून 13,200. वेबसाइटने वर 300 सेवाशुल्क लावलं. हे 13,500 त्याने आधीच भरले. मुक्कामात 1,400 चं जेवण झालं आणि 600 ची लाँड्री. त्यावरचा कर धरून निघताना काउंटरवर 2,200 कार्डाने दिले. एकूण खर्च 15,700.

परतल्यावर त्याने काय जोडलं? वेबसाइटचं बुकिंग व्हाउचर, वेबसाइटनेच पाठवलेलं ‘टॅक्स इन्व्हॉइस’ आणि कार्डाची स्लिप. क्लेम 15,700 चा. पास झाले फक्त 300.

कारण ते ‘टॅक्स इन्व्हॉइस’ फक्त सेवाशुल्काचं होतं. अशा व्यवहारात वेबसाइट मध्यस्थ असते. खोली विकणारं हॉटेल, तेव्हा खोलीचं बिलही हॉटेलच देणार. (काही वेबसाइट खोली स्वतःच्या नावाने विकतात, तिथे पूर्ण बिल त्यांच्याकडूनच येतं. म्हणून इन्व्हॉइस उघडून त्यावरची रक्कम बघा, फाइलच्या नावावर जाऊ नका.) व्हाउचर म्हणजे बुकिंगची खूण. आणि 2,200 च्या स्लिपवर फक्त हॉटेलचं नाव आणि रक्कम.

मग त्याने हॉटेलकडून बिल मागवलं. ते 15,400 चं आलं, खाली ‘अ‍ॅडव्हान्स 13,200, बाकी 2,200’ असा हिशोब. इथे त्याने दुसरी चूक केली. जुना क्लेम तसाच ठेवून या बिलाचा नवा क्लेम टाकला. आता एकाच मुक्कामाचे दोन क्लेम सिस्टीममध्ये, आणि अकाउंट्सच्या नजरेत हा माणूस दोनदा पैसे मागतोय. बरोबर रचना अशी: जुना क्लेमच दुरुस्त करायचा, हॉटेलचं 15,400 चं बिल मुख्य कागद, वेबसाइटचं 300 चं बिल दुसरा, आणि दोन्ही भरण्यांचे पुरावे मागे. या कंपनीच्या पॉलिसीत छोट्या दौऱ्यात लाँड्री बसत नव्हती, म्हणून 600 आणि त्यावरचा 60 कर कापून 15,040 मंजूर झाले. कापलेल्या ओळीवरचा करही जातो, हे लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि मग 60 साठी ईमेल सुरू होतात.

आता नावाचा प्रश्न. बिल कुणाच्या नावाने? बहुतेक ठिकाणी विक्रीवरच्या कराची वजावट कंपनीला मिळू शकते, पण त्यासाठी बिलावर कंपनीचं नाव आणि कंपनीचा कर नोंदणी क्रमांक असावा लागतो. तुमच्या नावाने बिल असेल तर कंपनी तुम्हाला कदाचित पैसे देईल, पण करापोटी गेलेली रक्कम तिला परत मिळणार नाही. काही कंपन्या ती रक्कम सरळ कर्मचाऱ्याच्या क्लेममधून कापतात. प्रवासाच्या तिकिटावर प्रवाशाचं नाव तुमचं असणारच, त्याला हरकत नाही. बिल ज्याला दिलं ते नाव वेगळ्या रकान्यात असतं. ऑनलाइन खरेदीत ते नाव खात्यातल्या बिलिंगच्या माहितीवरून येतं. घरच्या खात्यावरून ऑर्डर केली की बिलावर घरचा पत्ता छापला जातो.

नाव चुकलं तर पेनाने खोडून वर कंपनीचं नाव लिहू नका. खाडाखोड केलेलं बिल हा अकाउंट्सच्या दृष्टीने संशयाचा कागद, मग हेतू कितीही चांगला असो. दुरुस्ती विकणाऱ्यानेच करायची: सहसा तो जुनं बिल रद्द करणारी क्रेडिट नोट काढतो आणि नवं बिल देतो. पण त्याने त्या काळाचं कराचं विवरणपत्र भरून टाकलं असेल तर तो टाळाटाळ करतो, कारण त्यालाही मागचे हिशोब हलवावे लागतात. म्हणून कंपनीचं नाव आणि क्रमांक हॉटेलात चेक-इनच्या वेळीच द्या. चेक-आउटला गाडी खाली उभी असताना हे सुचत नाही, आणि सुचलं तरी काउंटरवर रांग असते.

बिलाचा नंबर फोटोत कापला जाणार नाही एवढं जरूर बघा. एकच बिल दोनदा आलंय का हे विक्रेता, नंबर, तारीख आणि रक्कम जुळवून शोधलं जातं. चौघे एकत्र जेवलेत आणि दोघांनी तेच बिल टाकलं, तर दुसऱ्याचा क्लेम अडकतो. एकानेच पूर्ण क्लेम करावा आणि सोबत जेवणाऱ्यांची नावं लिहावीत. कूपन किंवा पॉइंट वापरले असतील तर खिशातून गेलेली रक्कमच मागा. तिकीट रद्द होऊन रिफंड आला असेल तर तोही क्लेममध्ये वजा दाखवा. कार्डाच्या स्टेटमेंटवर तो दिसतोच.

थर्मल कागदावरची पावती उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की पुसट होते, तेव्हा मिळाल्या मिळाल्या चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा. मूळ बिल हरवलंच तर आधी विकणाऱ्याकडे त्याच नंबरची दुसरी प्रत मागा. ती मिळतच नसेल तर बऱ्याच कंपन्या मॅनेजरच्या सहीचं स्वयंघोषणापत्र घेतात, मात्र ठरावीक रकमेपर्यंतच. त्यात तारीख, ठिकाण, काय घेतलं, किती दिले आणि बिल का नाही, हे लिहा आणि पैसे भरल्याची स्लिप जोडा.